विषय: सूचना न देता पाचपट दराने केलेल्या नूतनीकरणाबाबत तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

दिनांक : 18 सप्टेंबर 2025
डोमेन : rukhwat-pratapnagar.com
आधीची तक्रार : 15 सप्टेंबरला उत्तर न देताच Resolved म्हणून बंद केलेली

महोदय/महोदया,

मी नागपूरला प्रतापनगरात राहते आणि घरूनच लग्नाचं रुखवत करून देते. सप्तपदीच्या सुपाऱ्या, लोकरीची तोरणं, साखरेची भांडी, बाहुला-बाहुलीचं लग्न असं सगळं. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या नागपूरकरांना फोटो पाहता यावेत म्हणून 14 सप्टेंबर 2024 रोजी तुमच्याकडून वर्षभराची वेबसाइट घेतली. दर महिना 199 रुपये, वर्षाचे 2,388, डोमेन पहिल्या वर्षी मोफत. 18 टक्के जीएसटी धरून मी 2,817.84 रुपये भरले. त्या वर्षभरात तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, हेही लिहून ठेवते.

11 सप्टेंबर 2025 ला सकाळी माझ्या डेबिट कार्डावरून 14,484.50 रुपये वळते झाले. पावती उघडल्यावर हिशेब कळला : वेबसाइटचे 8,988 (महिन्याला 749), डोमेनचे 1,499, ‘व्यावसायिक ईमेल’चे 1,788, आणि वर 2,209.50 रुपये जीएसटी. गेल्या वर्षीच्या पाचपटीहून जास्त. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात आमच्याकडे एकही बयाणा येत नाही, लग्नाची कामं दसऱ्यानंतर सुरू होतात. इतवारीच्या लोकरवाल्याला त्याच संध्याकाळी नऊ हजार द्यायचे होते, ते राहून गेले.

त्याच दुपारी तुमच्या ग्राहकसेवेला फोन केला. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, ‘मॅडम, तुम्हाला दोन रिमाइंडर पाठवले आहेत.’ कुठे, असं तीनदा विचारल्यावर त्याने पत्ता वाचून दाखवला, तेव्हा हसावं की रडावं कळेना. तो पत्ता info@ ने सुरू होणारा, माझ्याच डोमेनवरचा होता. ती मेलबॉक्स मी कधी उघडलेली नाही. तिचा पासवर्ड मी आजवर तयार केलेला नाही. खरेदीच्या वेळी ‘ईमेल एक वर्ष मोफत’ या ओळीपुढची खूण आधीपासूनच केलेली होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली. तीच वस्तू आता 1,788 रुपयांना नूतन केली, आणि तिची मुदत संपत असल्याची चिठ्ठीही तिच्याच पेटीत टाकली!

मी ज्या जीमेलने लॉगिन करते, ज्यावर तुमच्या दिवाळी सवलतीच्या जाहिराती वेळच्या वेळी येतात, आणि डोमेनच्या नोंदणीत मालक म्हणून जो पत्ता आहे, तो एकच आहे. त्यातल्या स्पॅम आणि प्रमोशन्ससकट मी ऑगस्ट-सप्टेंबरचे सगळे मेल तपासले. नूतनीकरणाचा एकही नाही. .com डोमेनची मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आणि साधारण एक आठवडा आधी नोंदणीधारकाला सूचना द्यावी, असं आयकॅनचं धोरण नोंदणी कंपन्यांना सांगतं. नोंदणीधारक मी आहे. मला काय आणि कधी पाठवलं, याची तारीख-वेळेसह प्रत द्यावी.

बँकेचा एक एसएमएस मात्र आला होता, तो लपवत नाही. 9 तारखेला रात्री 11.52 वाजता. पण त्यात तुमच्या कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा पेमेंट गेटवेचं होतं. असे संदेश फसवणुकीचे असतात हे सतत ऐकत असल्यामुळे मी त्यातल्या लिंकला हात लावला नाही. आवर्ती वजावटीच्या किमान 24 तास आधी, व्यापाऱ्याचं नाव आणि रक्कम कळेल अशी सूचना ग्राहकाला मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याबद्दल बँकेकडे वेगळं पत्र दिलं आहे. बँकेने काय पाठवलं यावर तुमची जबाबदारी संपत नाही. आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही : 15,000 रुपयांच्या वरची वजावट ओटीपीशिवाय होत नाही, आणि तुमचं बिल 14,484.50 चं. योगायोग असेलही.

परताव्याबद्दल मला सांगितलं की रोख परत मिळणार नाही, रक्कम तुमच्या वॉलेटमध्ये ‘क्रेडिट’ म्हणून जमा करता येईल. चौदा हजारांचं क्रेडिट घेऊन मी त्यात काय विकत घेणार? तुमच्याकडे लोकर मिळत नाही.

नूतनीकरण बंद करायचं बटणही शोधून पाहिलं. ‘माझी उत्पादने’, मग ‘बिलिंग’, मग ‘प्रगत’, मग प्रत्येक वस्तूसाठी वेगळं पान, आणि शेवटी ‘तुम्ही तुमचे ग्राहक गमावाल’ अशी लाल अक्षरं. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हटलं की नको ते शहराबाहेर जातं. तुमच्या खात्यातून नको ते बाहेर काढायला मला चाळीस मिनिटं लागली. घेताना एक क्लिक पुरला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून ज्याचं वर्णन आहे, ते याहून वेगळं नाही. आधीच केलेल्या खुणेला संमती मानता येत नाही, हे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे.

माझी मागणी मोजकी आहे. डोमेन मला हवं आहे. कार्डांवर तेच छापलंय आणि जुनी गिऱ्हाइकं त्याच नावाने येतात. त्यामुळे 1,499 आणि त्यावरचा जीएसटी, मिळून 1,768.82 रुपये, दर जास्त वाटत असूनही मी मान्य करते. वेबसाइट आणि ईमेल या दोन्ही सेवा मला नको आहेत. 14 सप्टेंबरनंतर मी त्या वापरलेल्या नाहीत. साइट मी स्वतःच बंद ठेवली आहे. त्यांचे 10,776 अधिक जीएसटी, असे 12,715.68 रुपये ज्या कार्डावरून घेतले त्याच कार्डावर परत करावेत. वॉलेट क्रेडिट मी स्वीकारत नाही. डोमेनचं लॉक काढून ट्रान्सफरचा कोड पाच दिवसांत द्यावा आणि माझं कार्ड तुमच्या नोंदींतून काढल्याचं लेखी कळवावं.

तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, ही मुदत त्याच ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्यावर घातलेली आहे. 18 ऑक्टोबरपर्यंत पैसे आले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी 2019 च्या कायद्याने मला राहत्या ठिकाणी दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. तिथे मी या रकमेबरोबर मनस्ताप आणि खर्चही मागेन.

सोबत दोन्ही वर्षांच्या पावत्या, बँकेचा एसएमएस, खात्याचं विवरण आणि खरेदीच्या पानाचा तेव्हाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तो स्क्रीनशॉट माझ्या भाच्याने ‘मावशी, जपून ठेव’ म्हणून काढून दिला होता. त्यात ईमेलपुढची खूण स्पष्ट दिसते. 749 हा आकडा मात्र त्या पानावर कुठेही नाही.

फोनवर बोलायचं असल्यास दुपारी दोननंतर करावा, सकाळी हात रंगात असतात. पण जे काही ठरेल ते मेलवर लिहूनच कळवावं, आणि तो मेल कृपया माझ्या जीमेलवर पाठवावा.

आपली,
मंगला ढोबळे
प्रतापनगर, नागपूर