घाण्यावर फोन करण्याआधी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घाणा चालू असला की आमचे हात तेलानं माखलेले असतात आणि फोन खिशात वाजत राहतो. उचलला नाही तर गिऱ्हाईक नाराज, उचलला तर पडदा तेलकट. दिवाळीच्या आधी आम्ही एक वही केली आणि कोण काय विचारतं ते पंधरा दिवस लिहून ठेवलं. खालचे प्रश्न त्या वहीतले आहेत, लोकांनी विचारले तसेच. सगळ्यात जास्त वेळा आलेला सगळ्यात वर.

आजचा भाव काय?

भाव रोज बदलत नाही, महिन्याच्या १ तारखेला बदलतो. सध्या १ लिटरचे भाव असे: करडी ३६० रुपये, शेंगदाणा ३०० रुपये, तीळ ४४० रुपये, खोबरेल ५६० रुपये. यात जीएसटी धरलेला आहे, वर काही लागत नाही. ५ लिटरच्या कॅनला लिटरमागं १० रुपये कमी. याहून कमी होत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. तिथं भाव ठरवत बसलो तर रांगेतला शेवटचा माणूस निघून जातो.

लिटर आणि किलो एकच ना?

नाही. फोनवर सगळ्यात जास्त वाद याच्यावरून होतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १ लिटर तेल वजनाला साधारण ९२० ग्रॅम भरतं, म्हणजे आमचा ५ लिटरचा कॅन काट्यावर ठेवला तर तेलाचं वजन ४ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास येईल. ते माप कमी नव्हे. उलट १५ किलोचा डबा घेतलात तर त्यात १६ लिटरहून थोडं जास्तच तेल असतं. दुसऱ्या दुकानाशी भाव ताडून पाहताना तो लिटरचा आहे की किलोचा, एवढं आधी विचारा. आमचे सगळे भाव लिटरचे आहेत.

दुकानात करडीचं तेल स्वस्त मिळतं, तुमचं एवढं महाग का?

हिशेब उघडा आहे. आमच्या लाकडी घाण्यावर ४ किलो करडीतून जेमतेम १ किलो तेल निघतं. किलोला ६५ रुपयांनी करडी धरली तर बियांचेच २६० रुपये झाले. त्यात मजुरी, लाइटबिल, कॅन आणि गाळात जाणारं तेल मिळवा, आणि ढेपेचे पैसे वजा करा. मोठ्या कारखान्यात ढेपेत उरलेलं तेलही रसायन वापरून काढून घेतात, त्यांना एका पोत्यातून जास्त मिळतं. आमच्याकडं ते ढेपेतच राहतं. म्हणून दुधाळ जनावरं असलेले लोक आमची ढेप आठवडाभर आधी सांगून ठेवतात.

दुसरं कारण शेतातलं आहे. करडीला काटे. काढणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तरी हाताला फडकी गुंडाळून काम करावं लागतं. एके काळी आपल्याकडं रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडीच्या ओळी ठरलेल्या असायच्या, आता तिथं हरभरा आला. पेरा कमी म्हणून बी महाग.

सोयाबीनचं तेल काढून देता का?

देत नाही. लातूर जिल्ह्यात घरोघरी सोयाबीन, त्यामुळं हा प्रश्न रोज एकदा तरी येतोच. सोयाबीनमध्ये तेल शेकडा १८ ते २० एवढंच असतं, आणि आमच्या लाटेखाली त्यातलं काही हाती लागत नाही, नुसता भुगा होतो. एकदा एका पाहुण्यांच्या आग्रहाखातर करून पाहिलं. दिवसभर उखळ साफ करत बसलो. सोयाबीन प्लँटलाच घाला.

घरची करडी किंवा शेंगदाणे आणले तर गाळून द्याल का?

हो. हे काम आम्हाला आवडतं. अटी थोड्या आहेत, पण त्या पाळल्या नाहीत तर चक्कर वाया जाते, म्हणून नीट वाचा.

एका घाण्याला कमीत कमी १२ किलो बी लागतं. त्याहून कमी घातलं तर लाट नुसती फिरते, दाब बसत नाही. दोघां शेजाऱ्यांचं मिळून १२ किलो केलंत तरी चालेल, मात्र तेलाची वाटणी तुमची तुम्ही करायची. बी स्वच्छ आणि कडक वाळलेलं हवं. करडी दाताखाली धरून पाहा: कट्‌ असा आवाज आला तर वाळली, चेपली तर अजून दोन उन्हं द्या. खडा असेल तर आम्ही घाणा लावणारच नाही, कारण लाट बाभळीची आहे आणि तिला खाच पडली की सुतार शोधत फिरावं लागतं. शेंगदाणे सोललेले आणा. खवट वास येणारे दाणे घरीच निवडून काढा. घाण्यात खवटपणा जात नाही, सगळ्या तेलाला लागतो.

मजुरी किलोला १५ रुपये, ती बियांच्या वजनावर, तेलाच्या नव्हे. १२ किलो करडीचे १८० रुपये होतात आणि साधारण ३ किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या जवळपास तेल मिळतं. बी जुनं किंवा पोचट असेल तर कमी. ढेप तुमची. ती इथंच ठेवलीत तर मजुरी घेत नाही. कॅन घरून आणा, आतून पूर्ण कोरडा.

आधी फोनवर वेळ घ्या. होळीनंतर दोन महिने करडीची गर्दी असते, तेव्हा तीन-चार दिवसांनंतरची वेळ मिळते.

घाण्यात पाणी टाकताना पाहिलं. भेसळ तर नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आम्हाला राग येत नाही, उभं राहून बघणाऱ्यालाच तो पडतो. शेंगदाणा दळला जाऊन त्याचा लगदा झाला की त्यावर ओंजळभर पाणी शिंपडतात. त्यानं लगदा एकमेकाला धरतो, उखळाच्या कडेला ढेप बसायला लागते आणि तेल सुटून मधे जमतं. पाणी टाकलं नाही तर सगळं भुसभुशीत राहतं, तेल दिसतं पण निघत नाही. ते पाणी ढेपेत मुरतं. जे तेलात येतं ते गाळाबरोबर टाकीच्या तळाशी बसतं. तेल आम्ही चार दिवस स्टीलच्या टाकीत निवळत ठेवतो आणि वरच्या तोटीनं भरतो. घरची गाळप करून ताजं तेल नेणाऱ्यांनी हेच घरी करायचं: चार दिवस हलवायचं नाही, मग वरचं निथळून घ्यायचं.

तळाला गाळ दिसतो, फेस येतो. तेल खराब आहे का?

थोडा गाळ राहतोच, कारण हे रिफाइंड नाही. शेंगदाणा तेल तापताना पहिल्यांदा फेस येतो, आच कमी ठेवा, बसतो. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. वास खवट किंवा रंगासारखा येत असेल तरच तेल बिघडलं म्हणायचं. तसं झालं तर कॅन घेऊन या, बदलून देऊ.

खोबरेल गोठलं!

गोठणारच. २४ अंशांच्या खाली शुद्ध खोबरेल घट्ट होतं आणि डिसेंबरात लातूरची सकाळ त्याहून थंड असते. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

करडीचं तेल भजी, पुऱ्या तळायला चालतं का?

एकदा तळायला चालतं. उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. करडीत लिनोलिक आम्ल भरपूर असतं, ते जास्त तापवल्यावर लवकर बिघडतं. फोडणीला, भाजीला, ठेच्यावर कच्चं, हा त्याचा खरा उपयोग. हॉटेलवाल्यांनी आमचं करडी तेल तळणाला नेऊ नये. आमचं नुकसान होईल, पण तुमचं जास्त होईल.

कोलेस्टेरॉल कमी होतं का? गुडघे थांबतात का?

आम्ही तेल विकतो, औषध नाही. ज्यांना हृदयाचा, साखरेचा त्रास आहे त्यांनी कुठलं तेल आणि किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.

घरचा डबा आणला तर सुटं तेल देता का?

नाही. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमात बंदी आहे. सीलबंद बाटली किंवा कॅनच मिळेल. परवाना क्रमांक प्रत्येक लेबलवर छापलेला आहे. तुम्ही आणलेल्या बियांचं गाळप वेगळं, ते तेल तुमचंच असतं.

किती दिवस टिकतं?

सील न उघडता, उन्हापासून लांब, सहा महिने. उघडल्यावर दोन महिन्यांत संपवा. गॅसच्या शेजारी ठेवू नका.

पुण्याला, मुंबईला पाठवता का?

पाठवतो. पुण्याला ५ लिटरच्या कॅनचा कुरिअर खर्च १५० रुपये, मुंबईला १८०. सोमवार आणि गुरुवारी माल निघतो, तिसऱ्या दिवशी पोचतो. पैसे आधी, यूपीआयनं. घरपोच आल्यावर पैसे देण्याची सोय नाही. दोनदा ठेवून पाहिली, दोन्ही वेळा माल परत आला आणि भाडं आमच्या अंगावर पडलं. लेकरं पुण्याला शिकायला आहेत म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कॅन पाठवणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही झाकणावर टेप मारून, पिशवीत बांधून देतो, पण डिकीत आडवा झाला तर जबाबदारी आमची नाही.

कुरिअरचा कॅन फुटून आला तर खोका उघडण्याआधीच फोटो काढा आणि २४ तासांच्या आत व्हॉट्सॲपवर पाठवा. नवीन कॅन आमच्या खर्चानं येईल. उघडल्यानंतरच्या फोटोवर कुरिअरवाले आमचं ऐकत नाहीत.

आमची करडी विकत घेता का?

घेतो, होळीनंतर. आधी मूठभर नमुना आणून दाखवा. त्या दिवशीच्या लातूर मोंढ्यातल्या भावानं, रोख. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’ वाण असेल तर सांगा, वेगळं ठेवतो. काट्यावर वजन तुमच्यासमोर होतं, बारदान वजा करून.

कुठं आहात, कधी उघडं असतं?

औसा रोडला. नकाशाची खूण याच पानाच्या तळाशी आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ७. घाणा ११ ते ४ चालतो, बघायचा असेल तर तेव्हा या, चहा पाजू. लाइट गेली तर घाणा थांबतो, दुकान चालू राहतं.

शनिवारी बंद. शनिवारी तेल विकत न्यायचं नाही असं आपल्याकडं मानतात, त्या दिवशी गिऱ्हाईक येतच नाही. म्हणून तो दिवस आम्ही उखळ घासायला ठेवला आहे. येळवसेला पण बंद. त्या दिवशी फोन उचलला जाणार नाही, आम्ही शेतात भज्जी आणि आंबिलीवर असतो.