पर्याय मराठीत उतरवताना : रविवारच्या सराव चाचणीआधी वाचा

विद्यार्थी मित्रांनो,

रविवारच्या चाचणीसाठी कायद्याच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांतले इंग्रजी पर्याय तुम्ही गटागटाने मराठीत केलेत, ते मी वाचले. मेहनत घेतली आहे, भाषाही सोपी आहे. पण काही ठिकाणी इंग्रजीत चूक असलेला पर्याय मराठीत बरोबर ठरतोय, आणि हे चालणार नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नात परीक्षक जवळजवळच्या दोन संज्ञा मुद्दाम शेजारी ठेवतो. त्यांच्यातली सीमा पुसली की प्रश्नच उरत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ 'चौकशी'ने केला. 'इन्व्हेस्टिगेशन'लाही चौकशी आणि 'इन्क्वायरी'लाही चौकशी. आपल्याकडे वर्तमानपत्रं 'पोलिसांनी चौकशी केली' असंच छापतात, त्यामुळे कानाला ते खटकत नाही. कायद्यात मात्र पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस करतात ते अन्वेषण, आणि खटल्याव्यतिरिक्त दंडाधिकारी किंवा न्यायालय करतं ती चौकशी. खटला म्हणजे संपरीक्षा. 'अन्वेषण' जड वाटत असेल तर 'तपास' लिहा, अर्थ बिघडत नाही. पण तीन संज्ञांना तीन वेगळे शब्द हवेत, आणि पहिल्या प्रश्नात जो शब्द घेतलात तोच शेवटच्या प्रश्नातही हवा.

आता 'रॉबरी'. 'जबरी चोरी' हा रूढ शब्द आहे आणि तोच वापरायचा. तरी तो लिहिताना सावध राहा, कारण त्यात 'चोरी' दिसते आणि वाचणारा समजतो की चोरीशिवाय हा गुन्हा होतच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९ सांगतं की प्रत्येक जबरी चोरीत एकतर चोरी असते किंवा बलाद्ग्रहण, म्हणजे एक्स्टॉर्शन. एका गटाने 'थेफ्ट ऑर एक्स्टॉर्शन' या पर्यायातलं एक्स्टॉर्शन 'खंडणी' केलं. बातमीत ते ठीक आहे, पण खंडणी म्हटलं की फोनवरून मागितलेले पैसे डोळ्यांपुढे येतात. समोर चाकू दाखवून गळ्यातली साखळी काढून द्यायला लावणं येत नाही. 'दरोडा'ही असाच. बोलताना आपण दोघांनी घर फोडलं तरी 'दरोडा पडला' म्हणतो. कलम ३१० ला पाच किंवा अधिक माणसं लागतात, आणि नुसता प्रयत्नही पुरतो. 'फाइव्ह ऑर मोर'चं कुणीतरी 'पाचपेक्षा जास्त' केलंय. त्या दोन शब्दांनी पाच जणांची टोळी गुन्ह्याबाहेर गेली!

पुराव्याच्या कायद्यात तर सगळा भार क्रियापदावर असतो. 'मे प्रिझ्यूम' म्हणजे न्यायालय गृहीत धरू शकेल, 'शॅल प्रिझ्यूम' म्हणजे गृहीत धरील. पहिल्यात न्यायालयाला मोकळीक आहे. दुसऱ्यात ती नाही, तरी समोरच्याला ते खोटं पाडण्याची संधी असते. 'कन्क्लूझिव्ह प्रूफ'मध्ये तीही संधी नाही. तुमच्यापैकी अनेकांनी पहिल्या दोन्हींना 'गृहीत धरावे' लिहिलंय. ते आजच बदला.

'डिस्चार्ज' आणि 'अक्विटल' या दोन्हींना 'निर्दोष सुटका' लिहू नका. आरोप ठेवण्याइतकंही काही नाही म्हणून सोडलं, तर ते विनादोषारोप सोडणं. खटला चालून आरोपी सुटला, तर दोषमुक्ती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ चं स्पष्टीकरण सांगतं की डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती नव्हे. पुन्हा खटला चालू शकतो का, हा प्रश्न तिथूनच निघतो.

'व्हॉइड' शून्य, 'व्हॉइडेबल' शून्यकरणीय. दोन्ही 'रद्द' नकोत. 'रिव्ह्यू' पुनर्विलोकन, 'रिव्हिजन' पुनरीक्षण.

आणखी एक सवय दिसली. पर्याय समजावा म्हणून तुम्ही त्यात स्पष्टीकरण घालता. तीन पर्याय दोन-दोन शब्दांचे आणि चौथा पूर्ण ओळीचा झाला की उत्तर तिथेच कळतं. समजावणं वर्गात करू, पर्यायात नको. इंग्रजीत नसलेला 'फक्त' घालायचा नाही, असलेला गाळायचा नाही. 'अँड' आणि 'ऑर' दोनदा तपासा. शब्द अडला तर अधिनियमाचा शासकीय मराठी पाठ उघडा. तिथेही नसेल तर इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशीच ठेवा. चुकीच्या मराठीपेक्षा ते कितीतरी बरं, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

शुक्रवारी सायंकाळी सीताबर्डीच्या वर्गात येताना दुरुस्त केलेले कागद आणा. तुमचा कागद दुसऱ्या गटाला द्यायचा. त्यांनी इंग्रजी न पाहता तो परत इंग्रजीत करायचा. मूळ संज्ञा जिथे परत आली नाही, तो पर्याय लाल पेनाने खूण करून माझ्याकडे द्या. तेवढेच आपण फळ्यावर घेऊ.

तुमच्या मॅडम