नूडल्स आणि चहाच्या पाकिटावरचं मराठीत

दादा, दोन्ही फोटो बघितले, पहिल्यात तुझा अंगठा कोपऱ्यावर आलाय पण कृती दिसतेय.

नूडल्स (कोरियन): ५५० मिली पाण्यात, म्हणजे पावणेतीन कप, वाळलेल्या भाज्यांची पुडी टाकून उकळी आणा. मग नूडल्स आणि मसाला टाकून साडेचार मिनिटं शिजवा. आता त्यांचा कप २०० मिलीचा असतो आणि तुझ्याकडचा मेजरिंग कप २४० चा, तू पावणेतीन मोजलेस तर ६६० होईल आणि नुसतं पाणचट सूप पीत बसशील, म्हणून सव्वादोन कप घे आणि वर दोन छोटे चमचे पाणी, बस. मसाला मात्र आधी अर्धाच टाक, लाल रंग बघूनच मला ठसका लागला 😅

ग्रीन टी (अमेरिकन): ८ फ्लुइड औंस म्हणजे साधारण २४० मिली, तुझा एक कप. पाणी १७५ फॅरेनहाइट, म्हणजे ८० सेल्सिअसच्या आसपास, उकळतं नको, कडू होतो. थर्मामीटर नसेल तर उकळून गॅस बंद कर, थोडं निवू दे आणि मग बॅग टाक. २ ते ३ मिनिटांनी काढ, पिळू नकोस.