बुधवारच्या क्रोशा मंडळात नव्या मैत्रिणींचं स्वागत

या या, पुढे बसा, पंख्याखाली जागा आहे अजून. आज पाच नव्या जणी आल्यात, दोघी तर भुसावळहून एसटीनं आल्या, एवढ्या उन्हात जळगावात यायचं म्हणजे हौसच पाहिजे बाई. तर सगळ्यांचं मनापासून स्वागत. दर बुधवारी तीन ते पाच, फी वगैरे काही नाही, चहा आळीपाळीनं.

आता कामाचं बोलते. श्रावणात कानबाई बसतील, त्यांच्या चौरंगासाठी आपण क्रोशाचं आसन करतोय, 16 चौकोन, प्रत्येक 10 सेंटीमीटरचा, चार-चारच्या रांगा जोडायच्या. चौकोन वेगवेगळ्या हातचे असणार आणि खरी गोम तिथेच आहे. एकीचा हात घट्ट, तिचा चौकोन 9 चा झाला, शेजारचा 10 चा, मग शिवताना एकतर तो ओढायचा नाहीतर हा चुरगाळायचा, आणि आसन काही सपाट बसत नाही, इस्त्री केली तरी.

पण ऐका, घट्ट हात म्हणजे वाईट हात नाही हं. सगळं काम सारखंच घट्ट येत असेल तर अर्ध्या मिलिमीटरनं मोठी सुई घ्यायची, सैल असेल तर लहान, बहुतेक वेळा तेवढ्यावर निभतं. पण पहिली ओळ घट्ट, सिरीयल सुरू झाली की सैल, सासूबाईंनी हाक मारली की परत घट्ट, त्याला कुठलीच सुई पुरत नाही. म्हणून मी सारखा ताण, सारखा ताण म्हणून डोकं खाते तुमचं.

दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून आणा, बोटांतून सरकला पाहिजे, अडकता कामा नये. हाताला घाम आला की सुती दोरा चिकटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात घाम न येणारी बाई दाखवा मला, त्यामुळे मांडीवर नॅपकीन हवाच. दुसरं म्हणजे टाका सुईच्या दांडीवर बनू द्या, आकड्याजवळच्या बारीक मानेवर ओढून घेतला की तो लहानच होणार, नव्या हातांचं काम बहुतेक इथेच आवळतं. आणि खांब घालताना पहिला फास वर किती उचलता तिकडे लक्ष ठेवा, कधी उंच कधी बुटका उचलला की ओळ वरखाली होते.

आज कुणी चौकोनाला हात लावायचा नाही. आधी नमुना, साधारण 15 सेंटीमीटरचा, नुसते खांब, आणि टाके मोजायचे मधल्या 10 सेंटीमीटरमधलेच, कडेचे टाके ओढले जातात, ते फसवतात. जुन्या बायकांनी पण करायचाय बरं का, तोंड वाकडं करू नका. दोरे त्या पिशवीत आहेत, सगळ्यांनी पांढराच घ्या, चला, साखळी घाला.