कॉस्टिक सोड्याचा कागद

दादा, कॉस्टिक सोड्याच्या बॅगेसोबत आलेला हा 16 भागांचा सुरक्षा माहितीचा कागद आहे. आधी भाग 2 बघा. नळीतून थेंब पडून हात आणि धातू झिजतोय, असं चित्र आहे ना? हे पांढरे फ्लेक्स साधे दिसतात, पण कातडी खोलवर भाजतात. सुरुवातीला नुसतं बुळबुळीत लागतं, फारसं दुखत नाही. तिथंच माणूस फसतो. डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

भाग 7 आणि 8: गॉगल, रबरी हातमोजे, एप्रन, गमबूट. टाकीत आधी गार पाणी, मग थोडे थोडे फ्लेक्स. उलटं केलंत तर उसळून अंगावर येईल. ॲल्युमिनियमची बादली अजिबात नको, हायड्रोजन सुटतो.

भाग 4: डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून निदान 15 मिनिटं वाहतं पाणी, मला शोधत बसू नका. अंगावर सांडलं तर कपडे काढून थेट शॉवरखाली. लिंबू, व्हिनेगर चोळायचं नाही. पोटात गेलं तर चूळ भरा, उलटी काढू नका. लगेच दवाखाना, आणि हा कागद सोबत.

आता डोळे मिटा आणि इथून डोळे धुवायच्या नळापर्यंत, म्हणजे आयवॉशपर्यंत, चालून दाखवा. मी धरतो.