शनिवारवाल्या मित्रांना हनुमान जन्मोत्सवाच्या शुभेच्छा

शनिवारवाल्या मंडळींनो, राम राम!

उद्या 12 एप्रिल 2025, चैत्र पौर्णिमा, आणि वार शनिवार! ज्याच्यासाठी आपण दर आठवड्याला एक दिवस साबुदाण्यावर काढतो, त्याचा जन्म यंदा आपल्याच वारी आलाय. गेल्या वर्षी मंगळवार होता, पुढच्या वर्षी 2 एप्रिलला गुरुवार आहे. असा शनिवार याआधी 2022 मध्ये मिळाला होता. तेव्हा ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, जिथे जिथे आपला उपवासाचा गडी आहे त्या प्रत्येकाला आणि घरच्यांना हनुमान जन्मोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आज रात्रीच देऊन टाकतो, कारण पहाटे देवळात कोणी फोन बघत बसू नये.

गंमत अशी की आपला मारुतीराया जन्मला तोच भुकेला. अंजनीमाई फळं आणायला रानात गेलेली, समोर तांबडं सूर्यबिंब वर येत होतं, आणि हे पोर फळ समजून थेट आभाळात! इंद्राचं वज्र हनुवटीवर बसलं तेव्हा कुठे थांबलं. आणि अशा देवाच्या वाढदिवसाला आपण दिवसभर उपाशी. त्याला हसू येत असेल, पण रागावणार नाही. निदान सुंठवड्याला तरी कोणी नाही म्हणू नका. सुंठ, खोबरं, खारीक, खडीसाखर, सगळं उपवासाला चालतं. आणि चालत नसतं तरी प्रसाद म्हणून मी खाल्लाच असता.

पाळण्याची वेळ सूर्योदयाची, म्हणजे इकडे साधारण सहा वीसच्या आसपास. कीर्तन त्याच्या बरंच आधी उभं राहतं. बुवा जन्माच्या अभंगापर्यंत येतात, गुलाल उधळला जातो, घंटा सुरू होते, त्या दोन मिनिटांसाठीच तर पहाटे उठायचं. साडेसहाला येऊन "झालं का रे?" विचारणाऱ्यांनी यंदा तरी लवकर या. नेरूळकर, तुझ्याबद्दलच बोलतोय.

रुईच्या माळा आज रात्रीच जांभळी नाक्यावरून घेऊन ठेवा. उद्या सकाळी भाव विचारायची सोय राहणार नाही. ऐरोलीकर दरवेळी मोकळ्या प्लॉटवरून पानं तोडून स्वतः माळ ओवतो, त्याला शंभर टक्के पुण्य. फक्त रुईचा चीक लागलेला हात डोळ्याला लावू नकोस बाबा, आधी स्वच्छ धू. तेल मात्र सगळ्यांनी बेतानं. पळीभर पुरतं. आपण बाटल्या ओततो आणि मागून येणारी आजी गाभाऱ्याच्या पायरीवर घसरते, यात भक्ती कसली?

आता मकर राशीच्या मित्रासाठी खास. शनी 29 मार्चला मीनेत गेला, तुझी साडेसाती सुटली, त्याच्याही शुभेच्छा. पण म्हणून शनिवार सोडायचा नाही हं! रावणाच्या बंदिवासातून मारुतीनं शनीला सोडवलं आणि शनीनं त्याच्या भक्तांना त्रास न देण्याचा शब्द दिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण मला विचाराल तर व्रत शनीच्या भीतीनं धरलं असलं तरी टिकतं ते मारुतीच्या ओढीनं. मेषवाल्या, तुझी आत्ताच सुरू झालीय, तुला आम्ही सगळे आहोत. रोज एकदा भीमरूपी म्हण आणि ऑफिसात कोणाशी वाद घालू नकोस.

आणखी एक. तिथीप्रमाणे उद्या छत्रपती शिवाजी महाराजांची पुण्यतिथी. 1680 साली रायगडावर महाराज गेले, ती हीच चैत्र पौर्णिमा आणि तोही शनिवारच. जन्मोत्सव झाला की देवळातच दोन मिनिटं उभं राहून मुजरा करू, मग पांगू.

ऊन सध्या भयंकर आहे. निर्जळीचा हट्ट कोणी करू नका, विशेषतः ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी. कोकम सरबत प्या, ताक प्या, दुपारी तलावपाळीला चक्कर मारायची हौस संध्याकाळवर ढकला. उपवास सोडायला सगळ्यांनी माझ्याकडे या. आईनं वरणभात, बटाट्याची भाजी आणि शिरा ठरवलाय. वाशीकडून येणाऱ्यांनी ठाण्याला उतरल्यावर फोन करा, मी स्कूटर घेऊन येतो. दिवा लागल्यावर आधी मारुतीस्तोत्र, मग पानं. रविवारी सुट्टी आहे, त्यामुळे निघायची घाई कोणाला चालणार नाही.

वायुपुत्र तुम्हाला बळ देवो, बुद्धी देवो, आणि पहाटे साडेचारचा गजर एका फटक्यात ऐकू येवो.

पवनसुत हनुमान की जय!