विषय: एमएससी डेटा सायन्सच्या प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती – कल्याणी चौधरी, बीएससी संख्याशास्त्र (2021)

3 नोव्हेंबर 2025

आदरणीय महाजन सर,
सादर नमस्कार.

मी कल्याणी चौधरी, सावद्याची. 2018 ते 2021 अशी तीन वर्षं जळगावला तुमच्याकडे संख्याशास्त्र शिकले आणि टीवायला केळीच्या भावांवरचा प्रकल्प तुमच्याच हाताखाली केला. तेव्हापासून पुण्यात एका कंपनीत डेटा अॅनालिस्ट आहे. सप्टेंबर 2026 पासूनच्या एमएससी डेटा सायन्ससाठी एडिनबरा आणि ग्लासगो या विद्यापीठांत अर्ज करते आहे. त्यासाठी तुमचं शिफारसपत्र मिळावं, ही विनंती.

दुसरं पत्र कंपनीतल्या माझ्या वरिष्ठांचं आहे. एसक्यूएल, पायथन, डॅशबोर्ड याबद्दल ते लिहितील. पण मला विचार करायला कुठे शिकवलं गेलं, हे फक्त तुम्हीच सांगू शकाल.

सर, तुम्हाला कदाचित आठवत असेल. रावेरच्या रोजच्या जाहीर भावांची यादी घेऊन मी आले होते आणि लॉकडाउनमधल्या रिकाम्या जागा सरासरीने भरून टाकल्या होत्या. आलेख छान गुळगुळीत दिसत होता. तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी भाव नव्हता, की कुणी लिहिला नाही?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी पप्पांची वही काढली, शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या वह्या मागून आणल्या, तारखेवार 86 नोंदी जुळवल्या. तेव्हा कळलं की काही दिवशी माल बागेतच उभा होता, आणि बऱ्याच दिवशी जाहीर झालेला भाव एक होता आणि हातात पडलेला दुसरा. मी ज्याचा अंदाज बांधत होते, तो भाव आमच्या घरात कधी आलाच नव्हता.

दुसरी चूकही तुम्हीच पकडली होती. मी सगळ्या तारखा मिसळून त्यातल्या काही चाचणीसाठी वेगळ्या काढल्या होत्या, म्हणजे पुढच्या आठवड्याचा भाव मॉडेलला आधीच दिसत होता. तारखेच्या क्रमाने पुन्हा केल्यावर अचूकता घसरली. मला रडू आलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, आता खरा प्रकल्प सुरू झाला. अहवालात तो कमी आकडाच ठेवला. आजही कामावर नवा डेटा आला की आधी रिकाम्या जागा बघते आणि त्या का रिकाम्या आहेत हे माणसांना विचारते.

पत्रात या प्रकल्पाबद्दल लिहिलंत तर मला फार आवडेल. तिसऱ्या सत्रात संभाव्यताशास्त्राच्या पेपरात मी नापास झाले होते, पुढच्या वेळी 71 गुण मिळाले. गुणपत्रिकेत ते दिसणारच आहे, म्हणून लपवू नका. त्या सुट्टीत तुमच्याकडे शंका घेऊन येत होते, ते योग्य वाटलं तर जरूर लिहा. तुमच्या मनाला जे पटेल तेच लिहावं. चार वर्षांनंतर माझ्याबद्दल ठामपणे लिहिणं अवघड वाटत असेल, तर मोकळेपणाने नाही म्हणा. मला मुळीच वाईट वाटणार नाही.

तुम्ही होकार दिलात की अर्जात तुमचं नाव आणि महाविद्यालयाचा ई-मेल पत्ता देईन. विद्यापीठाकडून थेट तुम्हाला लिंक येईल. पत्र इंग्रजीत, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, सहीसह हवं आहे. ते मला दाखवण्याची गरज नाही. 10 डिसेंबरपर्यंत अपलोड झालं तर अर्ज वेळेत पूर्ण होईल. मध्ये परीक्षेचं काम असेल, याची कल्पना आहे. तारीख पुढे-मागे हवी असेल तर सांगा. 1 डिसेंबरला एकदा आठवण करून देईन.

सोबत बायोडेटा, गुणपत्रिका, अर्जासाठी लिहिलेलं उद्देशपत्र, तो जुना प्रकल्प अहवाल आणि कामाची एका पानाची टिपणं जोडली आहेत. उद्देशपत्रात मी लिहिलं आहे की शेतमालाच्या भावांचा आणि केळीवरच्या रोगांचा डेटा हाताळायला शिकून मला पुन्हा याच कामाकडे यायचं आहे. दिवाळीला घरी गेले तेव्हा सीएमव्हीमुळे उपटून टाकलेली रोपं बांधावर पडलेली पाहिली. हे मी अर्ज चांगला दिसावा म्हणून लिहिलेलं नाही, सर.

शनिवारी, 15 नोव्हेंबरला मी जळगावला येते आहे. सकाळी विभागात पंधरा मिनिटं भेटता आलं तर प्रत्यक्ष बोलेन. नसेल जमत, तर तुम्ही सांगाल त्या वेळी फोन करेन.

मॅडमना माझा नमस्कार सांगा.

आपली विद्यार्थिनी,
कल्याणी चौधरी